वडिलांच्या पैशालाही कागद हवा

‘बापानं मुलाला पैसे दिले, त्यात बँकेला काय करायचंय?’ गृहकर्जाच्या अर्जात मार्जिनच्या रकमेचा उगम विचारला की हा सवाल हमखास येतो. बँकेच्या कर्ज विभागात अशा फायली वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि हा सवाल मी सुशिक्षित, चांगल्या नोकरीतल्या माणसांकडूनही ऐकला आहे. त्यामागची भूमिका साधारण अशी असते. पैसे आमच्याच माणसाचे आहेत आणि चोरीचे नाहीत. ते खात्यात दिसतायत, तेवढं पुरे. घरच्या घरात कागद करणं म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवणं. आणि बँकेचा हट्टच असेल तर गिफ्टचं एक पत्र लिहून द्यायचं, मग आतून ते उसने का असेनात. शेवटचा सल्ला तर एजंटही देतात आणि अनुभवी नातेवाईकही.

ही भूमिका मला मुळापासून चुकीची वाटते. तिच्यामुळे कर्जं अडकतात, कर भरावा लागतो आणि ज्या नात्याचा मान राखायला म्हणून कागद टाळला, तेच नातं पुढे तुटतं. म्हणून तिचा एकेक मुद्दा तपासू या.

पहिला मुद्दा: बँकेला काय करायचंय? घराची पूर्ण किंमत कर्जानं द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. उरलेला हिस्सा घेणाऱ्यानं स्वतः घालायचा. तो का घालायचा? उद्या हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली, तर किंमत थोडी घसरली तरी कर्ज फिटावं म्हणून. आणि स्वतःचे पैसे अडकलेला माणूस घर सहजी सोडत नाही म्हणूनही. आता हा हिस्साच दुसऱ्या कुणाकडून कर्जाऊ आणलेला असेल, तर नियमाचा अर्थ काय उरला? कागदावर 80 टक्के कर्ज आणि प्रत्यक्षात शंभर टक्के. त्यातल्या वीस टक्क्यांचा हप्ता बँकेला दिसतच नाही. तेव्हा बँकेला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: हे पैसे परत करायचे आहेत का, आणि ते आले कुठून. यात बापाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न येतोच कुठे?

एक हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. पुण्यात एक तरुण 70 लाखांचा पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतो आहे. 80 टक्क्यांनी कर्ज 56 लाख, म्हणजे स्वतःचा हिस्सा 14 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 90 हजार, नोंदणी शुल्क 30 हजार. ही 5 लाख 20 हजारांची रक्कम कर्जाच्या टक्केवारीसाठी घराच्या किमतीत धरली जात नाही. ती वेगळी, स्वतःच्या खिशातून. एकूण लागणार 19 लाख 20 हजार. त्याची बचत आहे 7 लाख 20 हजार. निवृत्त वडील 8 लाख देतायत. राहिलेले 4 लाख मामेभाऊ देतो आहे, हळूहळू परत करायच्या बोलीवर. घरोघरी आढळणारी हीच रचना आहे: थोडं आपलं, थोडं वडिलांचं, थोडं उसनं.

दुसरा मुद्दा: पैसे खात्यात दिसतायत, तेवढं पुरे. कसं पुरेल? अर्जासोबत सहा महिन्यांचा खातेउतारा जोडलेला असतो आणि तो वाचणारा अधिकारी शेवटची शिल्लक नव्हे, तर ती कशी जमली ते बघतो. महिन्याला 1 लाख 10 हजार पगार जमा होणाऱ्या खात्यात पाच महिने दीड-दोन लाखांच्या आसपास शिल्लक आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एका दिवशी 8 लाख जमा. त्या ओळीसमोर पेन्सिलची खूण पडणारच. हे वैयक्तिक कर्ज काढून आणलेलं असू शकतं, कुणा सावकाराचं असू शकतं, विकणाऱ्यानंच फिरवून दिलेलं असू शकतं. आकडा स्वतः यातलं काहीच सांगत नाही.

सांगतो तो माग. वडिलांच्या 8 लाखांचा माग असा दाखवायचा: निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीतून त्यांनी ठेव केली होती, तिची पावती. ती मोडल्यावर बँकेनं दिलेली सूचना. ठेवीची रक्कम वडिलांच्या बचत खात्यात आल्याची नोंद असलेलं उताऱ्याचं पान. त्याच खात्यातून मुलाच्या खात्यात एनईएफटीनं किंवा आरटीजीएसनं पैसे गेल्याची नोंद, व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकासह. आणि मुलाच्या उताऱ्यात तोच क्रमांक, तीच तारीख, तीच रक्कम. ठेव, वडिलांचं खातं, मुलाचं खातं अशी साखळी अखंड असली की वाचणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. ती तुटते कुठे? वडील ठेव मोडून पैसे रोख काढतात आणि मुलगा ते आपल्या खात्यात रोख भरतो. किंवा वडील पाच लाख आणि आईच्या खात्यातून तीन लाख येतात, पण पत्र मात्र एकट्या वडिलांच्या नावानं आठ लाखांचं लिहिलेलं असतं. किंवा वडील घाईनं थेट विकणाऱ्याच्या खात्यात पैसे भरतात आणि पावती मुलाच्या नावानं घेतात. मग मुलाचा हिस्सा मुलाच्या खात्यातून गेल्याचं दाखवता येत नाही आणि स्वतःचा हिस्सा भरल्याच्या पावत्या, ज्यांना कर्ज विभागात ओसीआर म्हणतात, उताऱ्याशी जुळत नाहीत. ठरलेलं खातं, ठरलेला क्रम आणि एकरकमी हस्तांतर एवढं पाळलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

तिसरा मुद्दा रोखीचा. ‘घरात ठेवलेले पैसे आहेत, 49-49 हजारांनी भरून टाक, पॅन लागत नाही.’ हा सल्ला देणाऱ्यानं खातेउतारा कधी वाचलेला नसतो. ठरावीक मर्यादेच्या वरच्या रोख भरण्याला पॅन लागतो हे खरं. पण 49 हजारांचे दहा भरणे एकाखाली एक आले की ते एका मोठ्या भरण्यापेक्षा जास्त डोळ्यांत खुपतात, कारण त्यात लपवण्याचा हेतू उघड दिसतो. आणि प्रश्न फक्त बँकेचा नाही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 269 एसएसनं 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घ्यायला मनाई केली आणि दंड ठेवला घेतलेल्या रकमेइतका. कलम 269 एसटीनं एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला मनाई केली. त्यात वडिलांकडून घेतलेल्या भेटीलाही सूट नाही. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण त्यामुळे रोखीचा व्यवहार सुरक्षित झाला असं कुणी समजू नये. मामेभावाचे चार लाख रोखीत घेतले तर कायद्याच्या दृष्टीनं चार लाखांच्या दंडाला निमंत्रण दिलं. कशासाठी? एक हस्तांतर वाचवण्यासाठी? घरात खरोखरच सोनं असेल तर ते सराफाला विकून रीतसर बिल घ्यावं आणि रक्कम खात्यात मागावी. त्या बिलाला बँक आक्षेप घेत नाही.

चौथा मुद्दा: गिफ्टचं पत्र दिलं की झालं. पत्र लागतं, यात वाद नाही. पण पत्रात काय असतं आणि का असतं, हे किती जण बघतात? नेटवरून उतरवलेला मजकूर, रक्कम कोरी, तारीख कोरी, अशी पत्रं फायलीत येतात. चांगलं पत्र अर्ध्या पानात बसतं. ते असं असावं:

‘मी, खाली सही करणार, माझा मुलगा याला दिनांक अमुक रोजी माझ्या अमुक बँकेतील बचत खात्यातून त्याच्या अमुक खात्यात रुपये 8,00,000 (अक्षरी आठ लाख) यूटीआर क्रमांक अमुक अन्वये प्रेमापोटी भेट दिले आहेत. ही रक्कम माझ्या निवृत्तीच्या पैशांच्या मुदत ठेवीतील आहे. ती परत घेण्याची मी अपेक्षा ठेवलेली नाही व तिच्यावर व्याज मागणार नाही. या रकमेतून घेतल्या जाणाऱ्या सदनिकेवर या भेटीमुळे माझा कोणताही हक्क निर्माण होत नाही.’

खाली वडिलांची सही, पत्ता, पॅन, मुलाची ‘भेट स्वीकारली’ अशी सही, दोन साक्षीदार. यातली प्रत्येक ओळ कशाला आहे ते बघा. क्रमांक आणि तारीख पत्राला उताऱ्याशी बांधतात. ठेवीचा उल्लेख वडिलांची देण्याची ऐपत सांगतो. महिना 20 हजार निवृत्तिवेतन असणाऱ्या माणसानं आठ लाख कुठून दिले, याचं उत्तर तिथेच मिळतं. ‘परत घेणार नाही’ या ओळीमुळे रक्कम मुलाच्या देण्यांत धरली जात नाही. आणि हक्काची ओळ सर्वात महत्त्वाची, कारण घर बँकेकडे गहाण राहणार आहे आणि उद्या ‘माझेही पैसे आहेत, माझाही हिस्सा आहे’ असं म्हणणारा तिसरा माणूस उभा राहिला तर ते गहाण अडचणीत येतं. पैशाची भेट ही पैसे खात्यात पोचल्यावर पूर्ण होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा जंगम वस्तूच्या भेटीसाठी ताबा देणं पुरेसं मानतो. तेव्हा असं पत्र झालेल्या गोष्टीची नोंद आहे. बँकेनं नोटरी केलेलं किंवा मुद्रांकावरचं पत्र मागितलं, तर किती मुद्रांक लागेल ते वकिलाला विचारूनच करावं, कारण मजकूर बदलला की शुल्कही बदलू शकतं.

इथे कुणी म्हणेल, हक्क सोडतो असं वडिलांकडून लिहून घेणं बरं दिसत नाही. मग त्यांना हक्क द्या की! खरेदीखतात सहमालक म्हणून त्यांचं नाव घाला. बँक त्यांना सहअर्जदार करेल, कागद स्वच्छ राहील. पण नाव नाही, हक्क सोडल्याचं लिहिलेलं नाही आणि मनात मात्र हिस्सा आहे, ही अवस्था कुणाच्या मानासाठी ठेवायची? वडिलांनंतर धाकट्या बहिणीनं ‘ते आठ लाख सगळ्यांचे होते’ असं म्हटलं, तर त्या दिवशी कागदाची उणीव कुणाला जाणवेल, बँकेला की घराला?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वात घातक मुद्दा: उसन्याला गिफ्ट म्हणा. आपल्या उदाहरणातला मामेभाऊ चार लाख उसने देतो आहे. सल्ला असा की त्याच्याकडूनही गिफ्टचं पत्र घ्या, हप्त्यात धरलं जाणार नाही, कर्ज पूर्ण मिळेल. या सल्ल्यानं तीन ठिकाणी नुकसान होतं.

एक, कर. आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आईवडिलांची भावंडं, जोडीदाराची भावंडं, हे प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ आहेत आणि त्यांच्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. मामा त्या यादीत आहे. मामाचा मुलगा नाही. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, जिवलग मित्र, कुणीच नाही. त्यांच्याकडून वर्षभरात मिळून 50 हजारांपेक्षा जास्त भेट आली की पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. पहिले 50 हजारही सुटत नाहीत. लग्नातल्या भेटींना सूट आहे, घर घेताना मिळालेल्यांना नाही. म्हणजे खोट्या पत्रानं मुलानं स्वतःच्या सहीनं चार लाखांचं करपात्र उत्पन्न कबूल केलं. जे पैसे परत करायचे, त्यांच्यावर कर भरायचा!

दोन, मामेभाऊ. त्यानं ‘परत मागणार नाही’ असं सही करून दिलं आहे. दोन वर्षांनी त्याच्या घरी आजारपण आलं, त्यानं पैसे मागितले आणि मुलानं हात वर केले, तर तो कशाच्या आधारावर उभा राहील? त्याची स्वतःची सही त्याच्या विरुद्ध पुरावा आहे. ज्यानं अडचणीत मदत केली, त्याच्याच हातानं त्याचा हक्क काढून घ्यायचा आणि याला नात्यातला विश्वास म्हणायचं?

तीन, बँकेला लिहून दिलेली खोटी माहिती. कर्जाच्या अर्जात ‘इतर देणी’ असा रकाना असतो आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही असते. दर महिन्याला मामेभावाच्या खात्यात जाणारे आठ-दहा हजार पुढच्या उताऱ्यांत दिसत राहतात. पुढे वाढीव कर्ज मागितलं किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरवलं, की तेच उतारे पुन्हा मागितले जातात आणि गिफ्ट देणाऱ्याला हप्ता का जातो, हा प्रश्न समोर येतो.

यावर प्रतिप्रश्न तयारच असतो: खरं सांगितलं तर कर्ज कापतात, मग माणसानं करायचं काय? हिशेब करायचा. साडेआठ टक्के दरानं 20 वर्षांसाठी 56 लाखांचा हप्ता सुमारे 48 हजार 600. समजा, बँक हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते मान्य करते. 1 लाख 10 हजारांवर ते होतात 55 हजार. मामेभावाला महिना 10 हजार द्यायचे ठरले तर बेरीज 58 हजार 600, मर्यादेबाहेर. इथे लोक घाबरतात आणि खोट्या पत्राकडे वळतात. पण मुदत 25 वर्षं केली तर हप्ता सुमारे 45 हजार 100 होतो. मामेभावाशी बोलून महिना 8 हजार, 50 महिने असं ठरवलं तर बेरीज 53 हजार 100. बसतं. व्याज जास्त जाईल हे मान्य. पण उसने फिटल्यावर 8 हजार मोकळे होतात, ते मुद्दलात भरले की मुदत पुन्हा खाली येते.

आणि दुसरी गोष्ट. काही बँका मार्जिनमध्ये उसनी रक्कम अजिबात मान्य करत नाहीत, म्हणून पैसे कुठल्या कामाला लागतायत हे बघायचं. इथे मार्जिन 14 लाख आहे. स्वतःचे 7 लाख 20 हजार आणि वडिलांचे 8 लाख मिळून 15 लाख 20 हजार होतात. मार्जिन त्यातच पूर्ण भागतं. उरलेले 1 लाख 20 हजार आणि मामेभावाचे 4 लाख मिळून नेमके मुद्रांक व नोंदणीचे 5 लाख 20 हजार. म्हणजे घराच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा खरोखर स्वतःचा आणि भेटीचा राहतो, उसना पैसा शुल्काला जातो आणि देणं अर्जात उघड लिहिलं जातं. हे सगळं अर्ज करण्याआधी शाखेत विचारून घ्यायचं. ज्याला हा मार्ग खुला आहे, त्याला खोटं बोलायची गरजच काय?

उसन्याचा कागदही अर्ध्या पानाचाच: रक्कम, खात्यातून दिल्याची तारीख आणि क्रमांक, व्याज असेल तर दर आणि नसेल तर ‘बिनव्याजी’ हा स्पष्ट शब्द, हप्ता, पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख, दोघांच्या सह्या, साक्षीदार. परतफेड फक्त खात्यातून. व्याज ठरलं असेल तर मामेभावानं ते आपल्या विवरणपत्रात दाखवायचं.

बँकांच्या बाजूनं एकच उणीव मी मान्य करतो: कागदांची ही यादी पहिल्या भेटीत द्यायला हवी आणि ती बरेचदा मंजुरीच्या तोंडावर मागितली जाते, तेव्हा विसाराची मुदत डोक्यावर असते. पण म्हणून प्रश्नच गैर ठरतो का? उशिरा मागितलेला कागदही आवश्यकच असतो. आणि ज्यानं पैसे हलवण्याआधी लिहून ठेवलं, त्याला उशिरा विचारलं काय आणि लवकर विचारलं काय, फरक पडत नाही.

या सगळ्या वादाच्या मुळाशी एक टाळाटाळ आहे. पैसे भेट म्हणून देतोय की उसने, हे घरात कुणी स्पष्ट बोलत नाही. देणाऱ्याच्या मनात एक असतं, घेणाऱ्याच्या मनात दुसरं, आणि दोघंही ‘बघू नंतर’ म्हणून मोकळे होतात. बँकेचा कागद तो प्रश्न टेबलावर ठेवतो, म्हणून तो बोचतो. तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पैसे हलण्याआधी ठरवा, ठरलं ते लिहा, लिहिलं तसंच खात्यातून द्या. भेट असेल तर भेट लिहा आणि परतफेडीची अपेक्षा सोडा. उसने असतील तर उसने लिहा आणि हप्त्याचा बोजा हिशेबात धरा. वडिलांच्या पैशाला कागद मागणं हा वडिलांचा अपमान नाही. आयुष्यभर साठवलेले आठ लाख दोन ओळीही न लिहिता हलवायला लावणं, हा त्यांच्या कष्टाचा अपमान आहे.